सहा कुर्ते परत आले तेव्हा: टॅग आणि धुलाईच्या लेबलाचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका दुकानाकडून मार्चमध्ये बॉक्स परत आला. चाळीस कुर्ते पाठवले होते, त्यातले सहा आत होते. वर एका कागदावर तीन ओळी: "गळ्याजवळचा पॅच फुगतो. मरून धागा रंग सोडतो. एल मापाचा कुर्ता एलच्या बाईला होत नाही."

मी अंबाजोगाईत शिवणक्लास घेते. हे कुर्ते जवळच्या गावातल्या बचत गटाचे. गटात अकरा जणी आहेत, त्यातल्या चौघी क्लासमध्ये माझ्याकडे शिकून गेलेल्या. हातमागाचं सुती कापड, गळ्याखाली हिमरू कापडाचा चौकोनी पॅच आणि त्याच्या कडेनं गोधडीला घालतात तसा हाताचा धावदोरा, असा त्यांचा माल. काम देखणं आहे, त्यात वाद नाही. बॉक्स उघडल्यावर गटातली ताई म्हणाली, "मॅडम, शिलाईत काय चुकलं ते सांगा." मी शिलाई नंतर बघायचं ठरवलं आणि आधी टॅग वाचला.

हातकागदाचा जाड टॅग होता, सुतळीत ओवून सेफ्टी पिननं गळ्याला टोचलेला. त्यावर छापलं होतं: "प्युअर खादी, प्युअर सिल्क हिमरू. साइझ ३८. ड्राय क्लीन ओन्ली." खाली बॉलपेननं ११५०. आत शिवलेली सुती पट्टी होती, रबरी शिक्का मारलेली. धुतलेल्या सहाही कुर्त्यांवर ती कोरी झाली होती. शिक्क्याची शाई दोन-तीन धुण्यांत गेली. म्हणजे कपडा ज्या दिवशी पाण्यात जाणार, त्याच दिवसासाठी लिहिलेली सूचना त्याच पाण्यात विरघळत होती.

चार ओळींतली प्रत्येक ओळ तपासली. एकही टिकली नाही.

"प्युअर" कशावरून?

खादीचं लवकर उरकलं. कापडाच्या बिलावर "हातमाग सुती" एवढंच होतं. आपण बोलताना हातमागाला सर्रास खादी म्हणतो, पण २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार त्या चिन्हाच्या नोंदणीशिवाय खादी म्हणून कापड विकता येत नाही. शब्द काढला.

हिमरूचं वेगळं. मूळ हिमरू म्हणजे ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमाचा. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तो पिढ्यान् पिढ्या तसाच विणला गेला. पण आज बाजारात हिमरू म्हणून जे मीटरवर मिळतं, त्यात बाणा बऱ्याचदा आर्ट सिल्कचा असतो. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा, बहुधा व्हिस्कोस, रेशीम नव्हे. दुकानदार "सिल्क हिमरू" म्हणतो, बाया विश्वासानं तेच छापतात.

पॅचच्या उरलेल्या चिंधीतून आम्ही ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगवेगळे ओढून काढले. चिमट्यात धरून काडी लावली. रेशीम जळालं तर केस जळाल्याचा वास येतो, धागा आखडत जळतो आणि मागे बोटानं चुरडणारी काळी गोळी राहते. पॉलिस्टर वितळतं आणि मागे कडक मणी राहतो, तो चुरडत नाही. आमचे दोन्ही धागे कागदासारखे भुरकन जळले आणि मऊ राखाडी राख उरली. बाणा चमकदार होता, पण केसाचा वास नव्हता. गटातल्या मावशीनं तीनदा हुंगून बघितलं आणि म्हणाली, "हे तर वहीचं पान जळाल्यावानी यायलालंय."

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायची. सूत आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखेच जळतात, त्यामुळे काडी लावून त्यांच्यातला फरक कळत नाही. तो पाण्यात कळतो. व्हिस्कोसचा ओला धागा कोरड्यापेक्षा पुष्कळ सहज तुटतो, सुताचं तसं होत नाही. चमकदार धागा जिभेला लावून ओढला, पट्कन तुटला. टॅगवरचं "प्युअर सिल्क" तिथेच संपलं. त्याजागी लिहिलं: "कुर्ता: १००% सुती, हातमाग. पॅच: सुती आणि व्हिस्कोस, हिमरू विणीचा." ताईला आधी वाटलं, सिल्क काढलं तर गिऱ्हाईक जाईल. मी एवढंच विचारलं, की दुकानातल्या कुणी काडी लावली तर आपण काय सांगणार?

पॅच का फुगला

हा भाग सगळ्यात शिकवणारा, म्हणून सावकाश सांगते.

कुर्त्याच्या कापडाचा एक तुकडा घेतला, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन टाचून घेतला. खडूची खूण धुण्यात जाते, दोऱ्याची राहते. हिमरूच्या तुकड्यावरही तसंच केलं. पण तो आम्ही कुर्त्यात वापरतो तसाच घेतला, म्हणजे मागे फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर, इस्त्रीनं चिकटवून. दोन्ही घरच्यासारखे तीनदा धुतले, वाळवले आणि इस्त्री न फिरवता सपाट ठेवून मोजले.

कुर्त्याचं कापड ताण्याच्या दिशेनं ५० चं ४७.५ झालं, म्हणजे पाच टक्के आटलं. बाण्याच्या दिशेनं ४९ राहिलं, म्हणजे दोन टक्के. फ्युजिंग लावलेला पॅच मात्र ४९.५ वर थांबला. फ्युजिंगनं त्याला धरून ठेवलं होतं.

आता हे दोन एकमेकांना शिवलेले. बाहेरचं कापड पाच टक्के आत येतं, मधला तुकडा एकच टक्का. जास्तीचं कापड जाणार कुठे? ते वर येतं आणि पॅच पापडासारखा फुगतो. शिलाई निर्दोष होती. गावात कुणी हौसेनं गरम पाणी वापरलं तर फ्युजिंगचा गोंद सुटून वर आणखी बुडबुडे येतात, तेही एका कुर्त्यात दिसले.

उंचीलाही तोच फटका. ११२ सेंटिमीटरचा कुर्ता पाच टक्के आटला की १०६ च्या आसपास येतो. सव्वादोन इंच गेले. टॅगवर खरी उंची लिहिली असती तरी पहिल्या धुण्यानंतर ती खोटीच ठरली असती.

उपाय लेबलात नव्हता, कापायच्या आधी होता. कापडाचा पूर्ण ताका रात्रभर भिजवायचा, न पिळता वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच कातरी लावायची. जुने शिंपी हे न सांगता करायचे. गटानं वेळ वाचवायला सोडलं होतं. भिजवलेल्या कापडाची तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा आटणं एक टक्क्याच्या आत आलं आणि पॅच बसून राहिला.

मरून धाग्यासाठी साधी युक्ती. लडीचा तुकडा पांढऱ्या मलमलीच्या दोन थरांत शिवला, कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला आणि ओला तसाच गुंडाळून ठेवला. खरं तर रंग धुताना कमी आणि ओला गोळा पडून राहिला की जास्त उतरतो, म्हणून ही शेवटची पायरी सोडायची नाही. मलमल गुलाबी झाली. काकू म्हणाल्या, मीठ टाकून भिजवू. मीठ रंगवताना रंग धाग्यात शिरायला मदत करतं. आधीच कच्च्या रंगलेल्या धाग्याला ते पक्का करत नाही. त्या लड्या बाजूला काढल्या, दुसऱ्या ठिकाणचा धागा आणला, त्याचीही मलमल बघितली, पांढरी राहिली, मग घेतला.

हे सगळं करण्यामागे आणखी एक कारण होतं. रंग जाणाऱ्या कपड्यावर लोक सोयीनं लिहितात, "पहिल्यांदा वेगळे धुवा." मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं २०१६ चं लातूर आमच्यापासून फार लांब नाही, आणि आमच्याकडेही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एका कुर्त्यासाठी वेगळी बादली काढा, हे छापायला सोपं. ती सूचना पाळली जाणार नाही, आणि पाळली गेली नाही म्हणून आपण गिऱ्हाइकाला दोष देणार. त्यापेक्षा ती वेळच येणार नाही असा धागा घ्यावा.

खुणा: काय छापलं आणि लोकांनी काय वाचलं

"ड्राय क्लीन ओन्ली" हे बऱ्याच हातशिलाईवाल्यांचं कवच असतं: काहीही झालं तर आम्ही सांगितलं होतं म्हणायचं. पण हजार-दीड हजाराचा सुती कुर्ता कुणी ड्राय क्लीनला देत नाही. सहाही जणींनी तो घरीच धुतला होता.

धुलाईच्या खुणांचा क्रम जगभर ठरलेला आहे: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, व्यावसायिक धुलाई. म्हणजे टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ. खूण ठरवताना कुर्त्यातला सगळ्यात नाजूक भाग बघायचा. नुसत्या सुताला कडक इस्त्री, म्हणजे तीन टिंबं, चालली असती. पण व्हिस्कोस आणि फ्युजिंग दोन्हीला ती चालत नाही, म्हणून पूर्ण कुर्त्याला दोन टिंबं. टबात हात, म्हणजे हातानं धुणं आणि पाणी फार तर ४० अंश. मशीनची खूण द्यायची का, यावर वाद झाला, कारण ताईचं म्हणणं खरं होतं: "लोकं मशिनीतच धुवायलालेत." म्हणून एक कुर्ता शेजारच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाच वेळा फिरवला. धावदोऱ्याचे टाके दोन जागी ओढले गेले. मशीन बाद.

त्रिकोणावर फुली, ब्लीच नाही. चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली, ड्रायर नाही. वाळवण्यासाठी चौकोनात उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरक्या दोन रेघा, म्हणजे दोरीवर, सावलीत. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टाकलेला निळा कपडा महिन्याभरात फिकतो, त्यामुळे या दोन रेघा आमच्यासाठी सगळ्यात कामाच्या. शेवटच्या वर्तुळात पी किंवा एफ अक्षर असतं, ते ड्राय क्लीनिंगच्या द्रावणाचं नाव. तालुक्याच्या ठिकाणचे ड्राय क्लीनर नेमकं कोणतं द्रावण वापरतात ते त्यांनाही सांगता येत नाही. आम्ही ती चाचणी केली नव्हती, म्हणून वर्तुळावर फुली मारली.

मग ह्या खुणा अकरा जणींसमोर ठेवल्या. टब सगळ्यांना कळला. त्रिकोण बघून मावशी हसायलाच लागली, "हे कुटुंब नियोजनाचं आहे की!" भिंतींवरचा लाल त्रिकोण त्यांच्या पिढीच्या डोक्यात इतका पक्का आहे. आणि चौकोनातलं वर्तुळ तर हमखास फसवतं. समोरून दार असलेली वॉशिंग मशीन दिसते, म्हणून फुली मारलेली ती खूण जवळजवळ सगळ्यांनी "मशीनमध्ये धुवू नका" अशी वाचली. आमच्या कुर्त्याच्या बाबतीत चुकून बरोबर उत्तर आलं, पण दुसऱ्या कपड्यावर ते चुकेल. म्हणून खुणांखाली मराठीत दोनच ओळी घेतल्या: "हाताने, गार पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. उलटा करून मध्यम इस्त्री."

एल म्हणजे किती

तिसरी तक्रार, एलचा कुर्ता होत नाही ही, आटण्यामुळे असेल असं मीही धरून चालले होते. छातीचा घेर दोन टक्के आटतो, १०७ चा १०५ होतो, तेवढ्यानं कुर्ता अडकत नाही. म्हणून न विकले गेलेले, न धुतलेले कुर्ते काढून टेप लावला. "३८" लिहिलेल्या एका कुर्त्याचा घेर ४२ इंच भरला, दुसऱ्याचा साडेअडतीस.

कारण दोघी वेगवेगळ्या गोष्टीला ३८ म्हणत होत्या. एकीचं ३८ म्हणजे अंगाची छाती, त्यावर चार इंच लूजिंग देऊन तिनं शिवलं. दुसरीचं ३८ म्हणजे तयार कुर्ता. तो प्रत्यक्षात चौतीस-पस्तिसच्या बाईला होणार. दोघींचा पॅटर्न बरोबर, आकडाही एकच आणि अर्थ दोन.

एक नियम ठरवला: टॅगवर अंगाचं माप मोठं आणि कुर्त्याचं माप छोटं, दोन्ही शब्दात नाव देऊन. एलला अंगाची छाती ९७ सेंमी (३८ इंच), कुर्त्याचा घेर १०७ सेंमी, उंची ११२ सेंमी. कायद्याला सेंटिमीटर लागतात, आपल्या बायकांना इंच, म्हणून अंगाच्या मापाला दोन्ही. प्रत्येक कुर्त्याला टॅग लावायच्या आधी टेप लावायचा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कुर्ता बाजूला.

किंमत

बॉलपेननं लिहिलेल्या ११५० मध्ये गट तोट्यात होता, हे हिशोब मांडल्यावर कळलं. कापड अडीच मीटर, १८० रुपयांनी ४५०. पॅच ९०. धागा, बटणं, फ्युजिंग ४५. शिलाई आणि हातकाम ३००. भिजवणं, इस्त्री २८. टॅग, लेबल, पिशवी १२. झाले ९२५. गटाच्या गंगाजळीसाठी ९० धरले, १०१५. दुकान छापील किमतीवर ३० टक्के कापतं, म्हणजे ११५० चे हातात ८०५ यायचे. १०१५ हातात हवेत तर १०१५ भागिले ०.७, बरोबर १४५०. इथे बहुतेक जण १०१५ वर ३० टक्के चढवतात, १३२० छापतात आणि मग ९२४ हातात पडतात. कमिशन छापील किमतीवर कापलं जातं, आपल्या खर्चावर नाही.

गटाची जीएसटी नोंदणी नाही, पण दुकानाची आहे, आणि २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. एमआरपी सर्व करांसह असते, त्यावर वेगळा कर लावता येत नाही. म्हणून दुकानाशी आधीच बोलून घ्यावं, की ३० टक्के पूर्ण १४५० वर की कर वजा करून उरलेल्यावर. आम्ही पूर्ण रकमेवर धरून चाललो, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

वजनमापाच्या नियमांत सुट्या, म्हणजे बंद पाकिटात नसलेल्या कपड्यांना २०२२ मध्ये सवलत मिळाली. चार गोष्टी तरी हव्यातच: बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, माप (एस, एम, एल अशा खुणेसह सेंटिमीटरमध्ये) आणि एमआरपी. गटाच्या जुन्या टॅगवर यातली एकही धड नव्हती. आम्ही लॉट क्रमांकही घातला. तो कायद्यासाठी नाही. धाग्याची कोणती लडी कोणत्या कुर्त्यांत गेली ते पुढच्या वेळी शोधता यावं म्हणून.

छापखान्यात

टॅग ५ बाय ९ सेंमीचा, ३०० जीएसएमच्या मॅट कार्डाचा. हातकागद सुंदर दिसतो, पण त्यावर बारीक देवनागरी फुटते. पुढच्या बाजूला नाव, कापड, माप, किंमत. मागे खुणा आणि पत्ता. सेफ्टी पिन बंद. दमट हवेत तिचा गंज कापडावर उतरतो. सुती दोरा आता आतल्या लेबलाच्या घडीतून ओवतो, कापडाला भोक पडत नाही.

पहिला प्रूफ आला तो वाचून हसावं की रडावं. "किंमत"च्या जागी "कंिमत", "सुती"च्या जागी "सतुी". आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, छापखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर ते उघडताना वेलांट्या आणि उकार इकडचे तिकडे करतं. तेव्हापासून आम्ही अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की करून, पीडीएफ पाठवतो आणि प्रूफ गटातल्याच कुणाकडून मोठ्यानं वाचून घेतो. माझ्या डोळ्यांना सवय झालेली असते, मला चूक दिसत नाही.

आतल्या लेबलाला साटनची २५ मिलिमीटर पट्टी. पहिल्या नमुन्यात अक्षरं पाच पॉइंटची होती. साटनच्या विणीवर अनुस्वार आणि मात्रा बुजून गेल्या, "पिळू नका" मधला "नका"च नीट वाचता येईना. सात पॉइंटवर आणलं, मजकूर कमी केला. छपाई रेझिन रिबनची मागितली. साध्या मेणाच्या रिबनचा नमुना चौथ्या धुण्यात पुसट झाला होता, रेझिनचा दहाव्यालाही वाचता येत होता. ही चाचणी बारीकसारीक वाटते, पण लेबलाची किमान ऑर्डर हजाराची असते. हजार पुसट लेबलं घेऊन बसण्यापेक्षा दोन नमुने बादलीत टाकणं स्वस्त.

नवीन साठ कुर्ते गेले. दोन परत आले. एकीला रंग आवडला नव्हता. दुसऱ्या कुर्त्याला धुलाईचं लेबलच नव्हतं, गिऱ्हाइकानं कातरीनं कापून टाकलं होतं. आम्ही ते मानेमागे शिवलं होतं आणि साटनच्या तापवून कापलेल्या कडा मानेला टोचत होत्या. आता लेबल डाव्या बाजूच्या शिवणीत, साइड कटच्या वर चार बोटं, दोन्ही टोकं शिवणीच्या आत दाबून.